पन्नास जण निवडले, पन्नास खुर्च्या रिकाम्या: एन्रॉनच्या गुणवंत-योजनेचं प्रकरण

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या हयात हॉटेलात एन्रॉन या ऊर्जा कंपनीने आपल्याच शंभर निवडक कर्मचाऱ्यांना बोलावलं होतं. कंपनीचं ब्रॉडबँड खातं नव्याने उभं राहत होतं आणि तिथले वरिष्ठ अधिकारी जेफ्री स्किलिंग यांना त्यासाठी कंपनीतली सर्वांत हुशार माणसं हवी होती, तीही लगेच. सभेत त्या खात्याचे एक प्रमुख केव्हिन हॅनन यांनी नव्या धंद्याचं चित्र रंगवून सांगितलं. दालनाबाहेर भरतीची टेबलं मांडलेली होती. आठवडा संपायच्या आत हॅनन यांना पन्नास माणसं मिळाली. या मोहिमेचं नाव होतं ‘प्रोजेक्ट क्विक हायर’.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो मॅकिन्से या सल्लागार कंपनीच्या लोकांनी 2001 साली लिहिलेल्या पुस्तकातून. तिथे तो गुणवान माणसं कशी मोकळी सोडावीत याचं कौतुकाचं उदाहरण म्हणून येतो. ज्या खात्यांतून ती पन्नास माणसं उठून गेली, तिथल्या पन्नास खुर्च्यांवर कोण बसलं हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसत नाही. हे प्रकरण मी त्याच प्रश्नाच्या बाजूने मांडतो आहे.

आधी एक खुलासा करतो. एन्रॉन बुडाली ती हिशेबातल्या लबाडीमुळे. तोट्यातली मालमत्ता आणि कर्जं कंपनीबाहेरच्या भागीदारी संस्थांत लपवली गेली होती आणि त्याबद्दल माणसं तुरुंगात गेली. मनुष्यबळ खात्याच्या धोरणाने कंपनी बुडाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण लबाडी चालू असताना ती पकडायला हवी होती अशी माणसं कंपनीत होती. त्यांचा आवाज इतका क्षीण का झाला, याचं उत्तर मात्र बऱ्याच अंशी त्या धोरणात सापडतं.

मुळात ही गॅसच्या पाइपलाइनींची कंपनी. 1985 साली ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि इंटरनॉर्थ यांच्या विलीनीकरणातून ती तयार झाली आणि केनेथ ले तिचे प्रमुख झाले. मॅकिन्सेत असताना एन्रॉनला सल्ला देणारे स्किलिंग 1990 मध्ये कंपनीत आले. गॅस वाहून नेण्यापेक्षा गॅसच्या कंत्राटांचा व्यापार करण्यात पैसा आहे, ही त्यांची कल्पना चालली. त्या व्यापाराला त्यांना वेगळी माणसं हवी होती. नव्वदच्या दशकात नामवंत संस्थांमधून दरवर्षी अडीचशेच्या आसपास ताजे एमबीए घेतले जात. त्यांना काही महिन्यांच्या पाळ्यांनी वेगवेगळ्या खात्यांत फिरवलं जाई आणि जो चमकला त्याच्या हाती लवकरच मोठं काम सोपवलं जाई. आवाक्याबाहेरची जबाबदारी देऊन माणूस घडवायचा, याला आज आपल्याकडच्या कंपन्यांतही ‘स्ट्रेच असाइनमेंट’ म्हणतात आणि अशा माणसांच्या यादीला ‘हायपो लिस्ट’.

या पद्धतीचं यश नाकारता येत नाही, म्हणून ते आधी पाहू. 1999 मध्ये लुईझ किचन या जेमतेम तिशीच्या आतल्या बाई लंडनमध्ये एन्रॉनचा युरोपातला गॅस-व्यापार सांभाळत होत्या. इंटरनेटवरून थेट व्यापार करता यावा ही कल्पना त्यांनी उचलली आणि रोजचं काम सांभाळून त्यावर माणसं जमवत नेली. स्किलिंग यांना हे कळलं तेव्हा अडीचशेच्या आसपास लोक त्या कामात गुंतलेले होते. नोव्हेंबर 1999 मध्ये ‘एन्रॉनऑनलाइन’ सुरू झालं आणि बघता बघता कंपनीच्या व्यापाराचा मुख्य दरवाजा बनलं. ‘वरिष्ठांना न विचारता करून दाखवलं’ अशी ही गोष्ट नंतर सगळीकडे सांगितली गेली.

मला त्या गोष्टीतल्या अडीचशे लोकांमध्ये जास्त रस आहे. ऑनलाइन व्यापार उभा करायचा तर प्रत्येक देशाच्या कायद्यात बसणारा करारनामा लागतो, प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा ठरवावी लागते, संगणकावर झालेला सौदा रात्री हिशेबाच्या वहीत उतरावा लागतो. हे करणारे वकील, पत-तपासनीस, प्रोग्रामर आणि मागच्या खोलीतले हिशेबनीस आधीपासून कंपनीत होते आणि आपापल्या कामात मुरलेले होते. शिवाय किचन बाईंची उडी स्वतःच्या ओळखीच्या जमिनीवरून होती. गॅसचा व्यापार त्यांना पाठ होता, नवीन होतं ते फक्त माध्यम. ब्रॉडबँडमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आता त्या पन्नास खुर्च्यांकडे येऊ. गॅसच्या धंद्यात एक साधं वाटणारं काम असतं. गिऱ्हाईक रोज आपल्याला किती गॅस हवा ते आधी कळवतं. पाइपलाइनवरचं मीटर प्रत्यक्षात किती गेला ते दाखवतं. दोन आकडे क्वचितच जुळतात. तो फरक दर महिन्याला मिटवावा लागतो, नाहीतर बिलावरून वाद होतो आणि पैसे अडकतात. समजा, हे काम बघणाऱ्या सात जणांच्या गटातली सर्वांत तरबेज व्यक्ती एका आठवड्यात ब्रॉडबँडमध्ये गेली. कोणतं गिऱ्हाईक नेहमी जास्त सांगून कमी उचलतं, कोणत्या मीटरवर भरवसा ठेवायचा नाही, वाद झाला तर समोरच्या कंपनीत नेमका कुणाला फोन करायचा, हे तिच्या डोक्यात होतं. कागदावर कुठेच नव्हतं.

पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही, कारण उरलेले सहा जण जास्त वेळ थांबून काम ओढतात. दुसऱ्या महिन्यात हिशेब बंद व्हायला दोन-तीन दिवस उशीर होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न मिटलेल्या फरकांची यादी लांबायला लागते आणि येणं असलेली रक्कम साठ दिवसांच्या रकान्यातून नव्वदच्या रकान्यात सरकते. याच सुमाराला त्या सहांपैकी सर्वांत जाणता माणूस राजीनामा देतो, कारण दुप्पट काम त्याने केलं आणि बढती निघून गेलेल्या व्यक्तीला मिळाली. हे सगळं ब्रॉडबँडच्या खात्यावर कुठेही खर्च म्हणून लागत नाही. ज्या खात्याने माणूस गमावला त्याचीच कामगिरी घसरलेली दिसते. अशी योजना चालवणाऱ्याने हायपो यादीतल्या लोकांची प्रगती मोजण्याआधी हे रकाने बघावेत असं मला वाटतं. पहिली खूण तिथेच उमटते.

स्टार माणूस किती ‘स्वतःचा’ असतो आणि किती त्याच्या मागच्या माणसांचा, याचा चांगला अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वॉल स्ट्रीटवरच्या 1,052 नावाजलेल्या शेअर-विश्लेषकांची 1988 ते 1996 या काळातली वाटचाल त्यांनी तपासली. कंपनी बदलल्यावर जवळजवळ निम्म्यांची कामगिरी घसरली. जे आपला गट बरोबर घेऊन गेले त्यांचं नुकसान बरंच कमी झालं. एन्रॉनमध्ये माणसं एकाच इमारतीतल्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात होती, पण गट मागेच राहत होता.

ब्रॉडबँडचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. जानेवारी 2000 मध्ये शेअर-विश्लेषकांसमोर या धंद्याची घोषणा झाली आणि त्या एकाच दिवशी शेअर 25 टक्क्यांहून जास्त वर गेला. जुलै 2000 मध्ये ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीशी घरोघरी सिनेमे पोचवण्याचा 20 वर्षांचा करार झाला. सेवा अजून चाचणीच्या पातळीवर होती, तरी भविष्यातल्या अपेक्षित नफ्यातले 11 कोटी डॉलर एन्रॉनने आधीच जमा दाखवले. मार्च 2001 मध्ये करार मोडला. पन्नास हुशार माणसांपैकी कुणाला यातली विसंगती दिसली नसेल असं मला वाटत नाही. पण ती तिथे येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि तिथून पुढे कुठे जायचं हे त्यांचं गणित आतापर्यंत काय चांगलं दिसलं यावर ठरणार होतं.

इथे दुसरी अडचण येते, आणि माझ्या मते तीच या प्रकरणाचा गाभा आहे. एन्रॉनमध्ये दरवर्षी सुमारे 20 टक्के माणसं बढतीमुळे आपली जागा सोडत. जागा इतक्या वेगाने बदलल्या की माणसाच्या निर्णयाचं फळ दिसायच्या आत तो पुढे गेलेला असतो. मग त्याला मोजायचं कशावर? उरतं ते तो बोलतो कसा, सौदा किती मोठा आणि वरच्यांना तो किती आवडतो.

हे आपल्याला ह्यूस्टनला न जाता बघता येतं. कोकणातल्या एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा समजुतीचा करार जून 1992 मध्ये झाला, वीजखरेदीचा करार डिसेंबर 1993 मध्ये. एन्रॉनच्या बाजूने त्यामागे होत्या रेबेका मार्क, कंपनीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांच्या तेव्हाच्या चमकत्या प्रमुख. 1995 साली युती सरकारने प्रकल्प रद्द केला, तेव्हा त्यांनीच वाटाघाटी करून तो परत मिळवला. असं काम ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे. पण त्या विभागातल्या प्रकल्प-विकासकांचं बक्षीस मुख्यतः सौदा पक्का होऊन कर्जाची व्यवस्था लागली की मिळे, आणि ते पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षित मिळकतीवर काढलेलं असे. वीज मंडळ ती वीज परवडून घेऊ शकेल का, पंधरा वर्षांनी बिल कोण भरेल, हे प्रश्न प्रकल्प चालवणाऱ्यांच्या वाट्याचे. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. मे 2001 मध्ये, थकलेली बिलं आणि दराचा वाद यांत, तो बंद पडला. मार्क बाई त्याच्या कितीतरी आधी, 1998 मध्येच, पुढच्या कामाला लागल्या होत्या.

ते पुढचं काम म्हणजे पाणी. अझुरिक्स नावाची कंपनी काढून जगभरातले पाणीपुरवठे चालवायचे ठरले. पाणीपुरवठ्याचा अनुभव मार्क यांना नव्हता आणि तो नसणं ही तिथे उणीव मानली गेली नाही, उलट त्याला स्ट्रेच म्हणत. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स प्रांताच्या कंत्राटासाठी अझुरिक्सने जवळपास 44 कोटी डॉलरची बोली लावली. स्पर्धकांपेक्षा ती कितीतरी जास्त होती. 2000 साली बाईया ब्लांका शहराच्या पाण्यात शेवाळ झालं, नळाला घाण पाणी आलं आणि लोक रस्त्यावर आले. धरणातलं शेवाळ, गाळणी, क्लोरिन, फुटकी नळं ही पाणीपुरवठ्यात वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसांची दुनिया. अशा माणसांचा आवाज बोली लावताना किती होता हे त्या आकड्यावरून समजतं. ऑगस्ट 2000 मध्ये मार्क यांनी राजीनामा दिला.

आता यादीबाहेरच्यांकडे वळतो. एन्रॉनमध्ये वर्षातून दोनदा ‘परफॉर्मन्स रिव्ह्यू कमिटी’ बसत असे. 1 ते 5 अशी श्रेणी. खालच्या 15 टक्क्यांना 5 मिळणार हे आधीच ठरलेलं, आणि त्यांना सुधारा नाहीतर निघा असं सांगितलं जाई. अशा वाटपात एकाचा 2 दुसऱ्याच्या 4 वर उभा असतो. त्यामुळे बैठकीआधी वरिष्ठांमध्ये ‘तू माझ्या माणसाला सांभाळ, मी तुझ्या’ अशी देवाणघेवाण होऊ लागली. आपल्याकडे ‘बेल कर्व्ह’ लावणाऱ्या कंपन्यांत काम केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.

नवीन वाटेल ते पुढचं. एन्रॉनमध्ये जोखीम तपासणारं मोठं खातं होतं, दीडशेच्या आसपास विश्लेषकांचं. प्रत्येक मोठ्या सौद्याची छाननी त्याने करायची. पण कमिटीत या तपासणाऱ्यांच्या श्रेणीवर सौदे आणणाऱ्यांचंही मत चाले. ज्याच्या सौद्यात आज चूक काढायची, तो सहा महिन्यांनी आपल्याला 5 देऊ शकतो. अशा ठिकाणी आक्षेप नोंदवायला लागणारं धैर्य फार थोड्यांकडे असतं. विन्स कामिन्स्की यांच्याकडे ते होतं. संशोधन गटाचे ते प्रमुख, गणिताचे पक्के. 1999 मध्ये वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टाव यांच्या खासगी भागीदारी संस्थेशी होणाऱ्या व्यवहाराला त्यांनी स्पष्ट विरोध केला. व्यवहार झालाच, आणि लवकरच त्यांचा गट जोखीम खात्यातून हलवला गेला. इतरांनी त्यातून काय ओळखायचं ते ओळखलं.

म्हणून ‘उरलेल्यांकडे दुर्लक्ष’ हे शब्द मला या प्रकरणात अपुरे वाटतात. प्रशिक्षण मिळालं नाही, कौतुक झालं नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. कंपनीत काही कामं अशी असतात की त्यांत चमकायला वाव नसतो आणि ती नीट झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हुशार माणसाला कळतं की इथे राहून आपलं नाव यादीत येणार नाही. तो निघतो. जो निघू शकत नाही तो गप्प बसायला शिकतो. ऑक्टोबर 2001 मध्ये फास्टाव यांना दूर केल्यावर जेफ मॅकमहन यांच्याकडे वित्त खातं आलं. अब्जावधी डॉलरचं कर्ज असलेल्या या कंपनीत कोणतं कर्ज कोणत्या तारखेला फेडायचं याचं नीट वेळापत्रकच त्यांना मिळालं नाही. एखाद्या गावच्या पतसंस्थेतला लिपिकसुद्धा ते ठेवतो. आणि एन्रॉनऑनलाइनवर प्रत्येक सौद्यात एक बाजू एन्रॉनची असल्याने, विश्वास उडताच समोरचे सगळे एकदम तारण मागू लागले तेव्हा नेमकी रोखीचीच गरज होती.

2 डिसेंबर 2001 रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच्या काही दिवसांत सुमारे 500 जणांना, त्यांनी आणखी 90 दिवस थांबावं म्हणून, एकूण 5.5 कोटी डॉलर वाटले गेले. अर्जाच्या दुसऱ्या दिवशी चार हजारांच्या आसपास लोकांना घरी पाठवलं गेलं. त्यांच्या हाती सुरुवातीला जास्तीत जास्त 4,500 डॉलर ठेवले. नंतर न्यायालयीन तडजोडीतून ती मर्यादा 13,500 पर्यंत गेली. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या निधीतला 60 टक्क्यांच्या आसपास पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. शेअर कोसळत असताना, निधीचा व्यवस्थापक बदलायचा म्हणून, काही आठवडे त्यांना तो विकताही येत नव्हता. 1997 मध्ये एन्रॉनने घेतलेल्या पोर्टलँड जनरल या वीज कंपनीचे खांबावर चढणारे लाइनमनही यात होते. कमिटीच्या कोणत्याही बैठकीत त्यांच्याबद्दल चर्चा झाली असण्याची शक्यता नाही.

कंपनीच्या तुकड्यांचं नंतर काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. ब्रॉडबँड आणि अझुरिक्स यांतून फारसं काही उरलं नाही. नॉर्दर्न नॅचरल ही जुनी पाइपलाइन 2002 मध्ये वॉरन बफे यांच्या समूहाकडे गेली आणि चालू राहिली. पोर्टलँड जनरल 2006 मध्ये पुन्हा स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात आली. गुणवंतांना जिथे जायची इच्छा नसे, तीच ही खाती. अर्थात पाइपलाइनला ग्राहक आणि दर बांधलेले असतात, तिला टिकणं सोपं, हेही खरं. म्हणून यावरून मी ‘कष्टाळू माणूस हुशार माणसापेक्षा बरा’ असला निष्कर्ष काढणार नाही.

यादी करूच नये असंही माझं म्हणणं नाही. कुणाला तरी मोठं काम आधी द्यावंच लागतं आणि सगळ्यांना एकदम देता येत नाही. माझा आक्षेप यादीभोवतीच्या तीन गोष्टींवर आहे. पहिली, रिकाम्या जागेचा खर्च. माणूस नेणाऱ्या खात्याने बदली माणसाचं नाव, त्याला काम सोपवण्याची मुदत आणि त्या काळातला खर्च स्वतःच्या अंदाजपत्रकात दाखवल्याशिवाय बदलीचा कागद पुढे जाऊ नये. हयातच्या सभेत ही अट असती तर पन्नासऐवजी कदाचित पंधराच माणसं गेली असती, आणि ती पंधरा खरोखर लागणारी असती.

दुसरी, थांबण्याची मुदत. ती सरसकट अठरा महिने किंवा दोन वर्षं ठेवणं सोयीचं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी तशी असते. पण सौद्याचं फळ कधी दिसतं यावर ती ठरायला हवी. दुकानाच्या विक्रीप्रमुखाला एक दिवाळी ते दुसरी दिवाळी पुरेल. वीज प्रकल्पाला पुरणार नाही. तिथे माणसाला अडकवून ठेवता येत नसेल तर निदान बक्षिसाचा मोठा हिस्सा मागे ठेवता येतो, प्रकल्प चालू होऊन बिलं वसूल होईपर्यंत. याला विरोध होतो तो सहसा यादीतल्यांकडूनच, आणि तेव्हा व्यवस्थापनाला खरं ठरवावं लागतं.

तिसरी, कोण कुणाला गुण देतं. तपासणी, सुरक्षा, दर्जा, हिशेब या खात्यांतल्या लोकांची श्रेणी ते ज्यांना अडवतात त्यांच्या मतावर ठरत असेल, तर ती पद्धत बदलायला दुसरं कारण शोधायची गरज नाही. कंपनीत हे होतंय का हे कळायला फार खोल जावं लागत नाही. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी लेखी आक्षेप नोंदवले त्यांची नावं काढा आणि त्यांची पुढची श्रेणी व बदली त्याच कागदावर लिहा. यादी निघालीच नाही, म्हणजे कुणी लेखी आक्षेपच घेतलेला नाही, तर त्यावर समाधान मानायच्या आधी त्या खात्यांतल्या जुन्या दोन-तीन माणसांशी दार लावून बोलावं.